आनंदाश्रूंची वेळ

लग्नात, पुनर्भेटीत आणि निरोपाच्या क्षणी सुखी माणसाच्या डोळ्यांत पाणी का येते, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. आनंद मनात मावेनासा झाला की तो डोळ्यांवाटे वाहतो, असे हे उत्तर सांगते. शालेय निबंधापासून विद्यापीठीय टिपणांपर्यंत हेच उत्तर थोड्याफार फरकाने आढळते. आमच्या मते ते चूक आहे, आणि ही चूक केवळ मानसशास्त्राची नाही. या उत्तरामुळे आपण काही अभिजात प्रसंग चुकीचे वाचतो आणि चुकीचे शिकवतो. म्हणून त्याची जरा तपासणी करणे आवश्यक वाटते.

भरून वाहण्याचे रूपक खरे असेल, तर आनंद सर्वांत मोठा असतो तेव्हा अश्रू यायला हवेत. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मुलीचे लग्न ठरल्याची बातमी येते तेव्हा घरात हसू असते, धावपळ असते, क्वचित भांडणेही असतात, रडू नसते. मुहूर्त गाठायच्या घाईत वधूपित्याला आनंदाचेही भान नसते. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते. आनंदाचा कळस म्हणायचा तर तो इथे असतो. पण आपण नीट पाहिले तर बापाचा चेहरा बहुधा इथे कोरडा असतो. तो मोडतो नंतर. ऐरणीदानाच्या वेळी वेळूच्या पात्रात दिवे पेटवून ते वरपक्षाच्या मंडळींच्या मस्तकांवर टेकवले जाते, मुलीला सासू-सासऱ्यांच्या मांडीवर बसवले जाते, आणि आता हिला सांभाळा, असे म्हणण्याची वेळ येते. तोवर दिवसभर आचाऱ्यापासून भटजींपर्यंत सर्वांशी चढ्या आवाजात बोलणारा हा गृहस्थ चार शब्दही धड उच्चारू शकत नाही. पाठवणी तर त्याहून पुढची. काही घरांत मुलीच्या आईने मंगलाष्टके पाहू नयेत, त्या वेळी तिने तुळशीला पाणी घालत बसावे, अशी रीत होती. ती रीत कशी पडली याची उपपत्ती कोणी काहीही देवो. पण अश्रूंची वेळ पुढे ढकलण्याची ती एक सोय होती, असे म्हणायला जागा आहे.

म्हणजे प्रश्न अश्रू किती येतात हा नाही. ते नेमके केव्हा येतात, हा आहे. भरून वाहण्याच्या रूपकाला या वेळेचा उलगडा करता येत नाही.

जोसेफ वाइस या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५२ साली सुखान्ताच्या वेळी येणाऱ्या रडण्यावर एक निबंध लिहिला. त्याच्या विचाराचा गाभा अगदी साधा आहे. नाटकात किंवा चित्रपटात प्रेमी जीवांची ताटातूट होते तेव्हा प्रेक्षक रडत नाही. ते पुन्हा भेटतात तेव्हा रडतो. हे उफराटे का व्हावे? वाइसचे म्हणणे असे, की धोका चालू असेपर्यंत माणूस आपले दुःख दाबून धरतो, कारण त्या वेळी दुःखाला मोकळे सोडणे परवडणारे नसते. धोका टळला, आता सुरक्षित आहे असे वाटले, की दाबून धरण्याचे कारणच उरत नाही. मग आजवर अडवलेले दुःख बाहेर येते, आणि ते सुखाच्या क्षणी येते म्हणून आपण त्याला आनंदाश्रू म्हणतो. पुढे १९५६ साली सँडर फेल्डमन या दुसऱ्या मनोविश्लेषकाने याच विषयावर लिहिताना आणखी टोकाची भूमिका घेतली. आनंदाश्रू म्हणून काही नसतेच, सारे अश्रू दुःखाचेच, असे त्याचे प्रतिपादन होते. आम्हांला वाइस पटतो, फेल्डमन पटत नाही. सुखाच्या क्षणी जे बाहेर येते ते जुने दुःख असेल. पण ते बाहेर येऊ शकते हेच त्या क्षणीचे सुख आहे. त्या सुखाला वजा करून केवळ दुःख शिल्लक ठेवणे म्हणजे हिशेबातली एक बाजू पुसून टाकणे होय.

शरीराची साक्षही साधारण याच बाजूची आहे. अश्रुग्रंथींना प्रेरणा देणारे तंतू मुख्यतः परानुकंपी मज्जासंस्थेचे, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या यंत्रणेचे असतात. रडणाऱ्या माणसाचे हृदय आधी जोरात धावते हे खरे. पण ताण आणि उतार यांच्या सांध्यावर कुठेतरी अश्रू उभे असतात, एवढे म्हणता येते. (आनंदाचा पहिला थेंब उजव्या डोळ्यातून येतो आणि दुःखाचा डाव्या, असा एक निरोप अधूनमधून सर्वत्र फिरत असतो. त्याला कसलाही आधार नाही. सुज्ञांनी तो पुढे पाठवू नये.)

आता आमचा खरा साक्षीदार बोलावतो. तो कालिदास आहे. 'शाकुंतला'चा चौथा अंक आपल्याकडे करुणरसाचा नमुना म्हणून शिकवला जातो. सर्व नाटकांत शाकुंतल, शाकुंतलात चौथा अंक आणि चौथ्या अंकात चार श्लोक, अशी त्याची परंपरागत प्रशस्ती आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून तर मराठी माणसाच्या मनात कण्वाचे अश्रू आणि आपल्या घरची पाठवणी ही दोन चित्रे एकमेकांत मिसळून गेली आहेत. या मिसळण्यामुळेच कदाचित आपण तो अंक बारकाईने पाहायचे सोडून दिले असावे.

पहिली गोष्ट अशी, की कण्व दुःखी नाही. त्याच्या मनासारखे घडले आहे. शकुंतलेने योग्य वर निवडला, ती गर्भवती आहे, आणि प्रवासाहून परतलेल्या कण्वाने या विवाहाला मनापासून संमती दिली आहे. मुलीला पतीच्या घरी पाठवण्याचा दिवस हा त्याच्या दृष्टीने मंगल दिवस आहे. तरीही तो येतो तोच गदगदलेला. कालिदासाने त्याची अवस्था कशा क्रमाने सांगितली आहे ते पाहण्यासारखे आहे. आधी हृदयाला हुरहूर लागते; मग अश्रू आवरल्यामुळे कंठ दाटतो; मग चिंतेने दृष्टी जड होते. कवीने अश्रू गालावर आणलेले नाहीत. ते अडवले आहेत, आणि अडवल्याची खूण गळ्यात आहे. गळा दाटणे म्हणजे काय, याचे आजचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरणही असेच आहे. भावनेच्या आवेगात अधिक हवा आत घेता यावी म्हणून कंठद्वार उघडे राहू पाहते, आणि आवंढा गिळायचा तर ते मिटावे लागते; या ओढाताणीतून गोळा अडकल्याचा भास होतो. म्हणजे दाटलेला कंठ हा रडण्याचा पुरावा नसून आवरण्याचा पुरावा आहे. आपल्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत अश्रू आणि स्वरभेद यांची नोंद वेगवेगळी केली, ती या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेली दिसते.

यानंतर कण्व काय करतो? कामे करतो. अग्नीला प्रदक्षिणा घालायला लावतो, वृक्षांचा निरोप घेतो, राजाला द्यायचा निरोप शिष्यांना सांगतो, सासरी कसे वागावे याचा उपदेश करतो. शकुंतला रडू लागते तेव्हा तिला तो डोळे पुसायला सांगतो, आणि त्याचे कारणही अगदी व्यवहारातले देतो: वाट उंचसखल आहे, डोळ्यांत पाणी असले तर पाऊल नीट पडणार नाही. हा सल्ला वाचून आम्हांला नेहमी हसू येते आणि लगेच गंभीर व्हावेसे वाटते. वाइस जे सांगतो तेच इथे एका वनवासी ऋषीच्या तोंडी आहे. वाट संपलेली नसताना रडणे परवडत नाही. मुलगी अजून पोहोचलेली नाही. लग्नघरातला बाप आचाऱ्यावर ओरडत असतो ते याच कारणाने, आणि त्याला आपण भावनाशून्य म्हणतो ते आपल्या अडाणीपणाने.

प्रिय माणसाला पाण्याच्या काठापर्यंत पोहोचवावे, या रीतीनुसार सारे जलाशयापाशी थांबतात. इथे मुलगी विचारते, पुन्हा हे तपोवन कधी दिसेल? कण्व उत्तर देतो ते वर्षांनुवर्षे पुढचे: मुलाला राज्यावर बसवून पतीसह परत येशील तेव्हा. उत्तर मंगल आहे, पण मधली सगळी वर्षे त्यात मोजून टाकली आहेत. आणि मग तो त्या अंकातली सर्वांत घरगुती गोष्ट बोलतो. शकुंतलेने झोपडीच्या दाराशी देवांना टाकलेले नीवाराचे दाणे उगवून आले आहेत. ते डोळ्यांसमोर असताना आपला शोक शमणार कसा, असा त्याचा प्रश्न आहे. तपस्व्याला शोक ओळखता येतो, त्याचे नावही घेता येते, हे इथे प्रथम घडते. आणि ते मुलीचे पाऊल उचलले जाण्याच्या अगदी आधी घडते. आधी नाही.

ती गेल्यावर जे होते ते तर भरून वाहण्याच्या रूपकाला पूर्णच मोडून काढते. सख्यांना तपोवन ओस वाटते. कण्वाला मात्र हलके वाटते. कन्या हे दुसऱ्याचे धन. तिला आज तिच्या पतीकडे पाठवले, आणि ठेव ज्याची त्याला परत केल्यावर मन जसे निर्मळ होते तसे माझे झाले, असे तो म्हणतो. ठेवीची ही उपमा आजच्या वाचकाला खटकते आणि खटकायलाच हवी. मुलीला धन म्हणणाऱ्या व्यवस्थेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण उपमेचे मानसशास्त्र पाहा. दुसऱ्याची वस्तू घरात असताना माणूस झोपेतही सावध असतो. शकुंतला तर अक्षरशः ठेव होती. मेनकेने टाकून दिलेले, पक्ष्यांनी सांभाळलेले मूल कण्वाने उचलून आणले होते. इतकी वर्षे जपणूक केली, म्हणजे इतकी वर्षे एक भीती बाळगली. निरोपाच्या दिवशी जे दाटून येते ते या वर्षांचे आहे. त्या दिवशी हात रिकामे होतात म्हणून ते येते, आणि येऊन गेल्यावर हलके वाटते ते हात रिकामे झाल्यामुळेच.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की आनंदाश्रू हे आनंदाच्या मापाचे नसतात. जपणुकीच्या मापाचे असतात. दीर्घकाळ उचलून धरलेले काहीतरी सुरक्षित जागी ठेवले गेले, या जाणिवेच्या क्षणी ते येतात. ज्याने काही उचलून धरलेले नव्हते त्याला तोच क्षण केवळ आनंदाचा असतो. लग्नात आई रडते आणि धाकटा भाऊ जेवणाच्या पंगतीकडे पाहतो, यात भावाचे प्रेम कमी आहे असे नाही. त्याच्याकडे काही ठेवलेले नव्हते.

हे केवळ आपल्या कुटुंबव्यवस्थेचे लक्षण असेल अशी शंका कोणी घेईल. म्हणून एक दूरची साक्ष काढतो. होमरच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनी घरी परतलेला नायक भिकाऱ्याच्या वेषात पत्नीसमोर बसतो. एकोणिसाव्या सर्गात ती त्याच्यासमोरच त्याच्या आठवणीने रडते. त्याचे मन कळवळते, पण डोळे शिंगाचे किंवा लोखंडाचे असावेत तसे स्थिर राहतात. तो अश्रू लपवतो. कारण घरात तिच्या मागे लागलेले पुंड आहेत आणि ओळख फुटली तर जीव जाईल. ते सारे मारले गेल्यावर तेविसाव्या सर्गात तो उघडपणे तिच्यासमोर येतो, आणि आता गंमत अशी होते की ती रडत नाही. तिला खात्री हवी आहे. वीस वर्षे तिने सावधपणा जपला, तो एका क्षणात टाकायला ती तयार नाही. ऑलिव्हच्या जिवंत बुंध्याभोवती बांधलेल्या, जागचा हलवता न येणाऱ्या पलंगाचे गुपित तो बोलून दाखवतो, तेव्हा तिचे गुडघे ढिले पडतात आणि ती रडत त्याच्या गळ्यात पडते. मग तोही रडतो. होमर तिथे उपमा देतो ती जहाज फुटल्यावर पोहत पोहत किनाऱ्याला लागलेल्या लोकांची. समुद्रात असताना ते रडत नव्हते. जमीन पायाला लागल्यावर काय होते ते होमरला ठाऊक होते. नवरा समोर उभा असणे पुरेसे नव्हते, हे यातले मर्म आहे. पुनर्भेटीचे अश्रू माणूस दिसल्याने येत नाहीत, तर आता पहारा उठवायला हरकत नाही याची खूण पटल्याने येतात.

आता आमच्या विवेचनाची मर्यादा. वधूच्या मैत्रिणी का रडतात? शेजारच्या काकू, ज्यांनी ही मुलगी फार तर चार वेळा पाहिली असेल, त्या पदर डोळ्यांना का लावतात? चित्रपटातले परक्यांचे लग्न पाहून आपण का रडतो? त्यांच्याकडे कुणाची ठेव नव्हती. दुसऱ्याच्या प्रसंगातून आपलीच एखादी जुनी ठेव आठवते, हे उत्तर काही जणांपुरते चालेल. काकूंची स्वतःची मुलगी गेल्या वर्षीच सासरी गेलेली असते. पण सर्वांना ते लावणे म्हणजे सिद्धान्त वाचवण्यासाठी माणसे वाकवणे होईल. तिथे ॲलन फिस्के, थॉमस शूबर्ट, बेआटे साइब्ट आदी संशोधकांनी गेल्या दशकात मांडलेली कल्पना अधिक उपयोगी पडते. दोन माणसांमधले नाते एकाएकी घट्ट होताना अनुभवले किंवा नुसते पाहिले, तरी छातीत ऊब येते, अंगावर काटा येतो, डोळे भरतात. ही एक स्वतंत्र भावना आहे, आणि ती क्षणजीवी असते, असे ते म्हणतात. तिला त्यांनी नाव दिले आहे ते 'काममूत'. शब्द संस्कृत आहे, आणि तो ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यम-यमी संवादात यमीच्या तोंडी येतो. नाव ठेवणाऱ्यांनी त्याचा प्रेमाने हेलावलेला एवढाच अर्थ घेतला. आपल्याला मात्र हे विसरता येत नाही, की ज्या यमीचा तो शब्द आहे तिला यमाने नकार दिला होता. जुळलेल्या नात्याच्या अनुभूतीला न जुळलेल्या प्रेमाचे नाव मिळावे, हा योगायोग एखाद्या शब्दवेड्या अभ्यासकाने सवडीने लिहावा असा आहे. असो.

आणखी एक मत येथे विचारात घ्यायला हवे. ओरियाना अरागोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडले, की तीव्र सुखाच्या क्षणी विरुद्ध जातीची अभिव्यक्ती होते, आणि ती बहुधा भावना ताब्यात आणण्यास मदत करते. गोंडस बाळाला पाहून त्याचा गालगुच्चा घ्यावासा वाटणे आणि सुखात रडणे ही त्यांच्या मते एकाच कुळातली. त्यांचा मुख्य पुरावा बाळांच्या छायाचित्रांवर माणसांच्या प्रतिक्रिया तपासून मिळवलेला आहे. बाळाच्या गालाला ते लागू पडेल. पण बाळाला पाहताना कोणी वीस वर्षे वाट पाहिलेली नसते. सुखाच्या तीव्रतेवर सारा भार टाकणारी ही उपपत्ती शेवटी भरून वाहण्याच्या रूपकाचीच सुधारलेली आवृत्ती आहे, आणि वेळेचा प्रश्न तिलाही सुटत नाही.

आपल्याकडचे प्राचीन विवेचन याबाबत अधिक मोकळे होते. भरताने नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात अश्रूंची कारणे सांगताना आनंद सर्वांत आधी घेतला, शोक नंतर. आणि त्याच यादीत धूर, अंजन, जांभई, टक लावून पाहणे, थंडी, आजार हेही निःसंकोच बसवले. ही यादी पाहून आधुनिक वाचक हसतो. पण ती नटासाठी केलेली यादी आहे, आणि डोळ्यांतल्या पाण्यावरून आतले कारण ओळखता येत नाही हे नटाला माहीत असावे लागते. लाजाहोमाच्या धुराने किती वधूपित्यांची लाज राखली असेल, याची गणती नाही. भरताचे दुसरे म्हणणे अधिक महत्त्वाचे आहे. सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उपजतात. मन दुसरीकडे असलेल्या नटाला ते साधत नाहीत. म्हणजे हात हलवावा तसा अश्रू आणता येत नाही.

आणि येथेच आमच्या विषयाला सामाजिक धार येते. पाठवणीच्या वेळी मुलीने रडलेच पाहिजे, अशी अपेक्षा आपल्याकडे आजही असते. न रडणाऱ्या मुलीला माहेरची ओढ नाही, उलट सासरची घाई आहे, असे बोलून दाखवणारी तोंडे प्रत्येक मांडवात सापडतात. छायाचित्रकार तर त्या अश्रूंसाठी टपून बसलेला असतो. भरून वाहण्याचे रूपक या जुलमाला बळ देते. भावना होती तर वाहिली असती, वाहिली नाही म्हणजे नव्हती, असा त्याचा तर्क असतो. आम्ही ज्या दिशेने पाहतो आहोत त्या दिशेने पाहिले तर तीच गोष्ट उलटी दिसते. ती मुलगी अजून पहाऱ्यावर असेल. तिच्या दृष्टीने काहीच सुरक्षित जागी पोहोचलेले नाही. परके घर पुढे आहे, वाट उंचसखल आहे. बापाची ठेव पोहोचती झाली म्हणून तो रडून मोकळा होतो. पण ज्या प्रवासाचा शेवट त्याला दिसतो, तो तिच्यासाठी सुरू होत असतो. एकाच प्रसंगातल्या या दोन वेळा एक नव्हेत. तिचे रडू सहा महिन्यांनी, पहिल्या सणाला माहेरच्या उंबरठ्यावर पाऊल टाकताना येते, आणि तेव्हा सगळे आश्चर्याने विचारतात, अगं, आता काय झाले?

कालिदासाला हे कळले होते असे आम्ही म्हणतो, ते पुढच्या अंकांच्या आधारे. कण्वाचे हलके वाटणे एका चुकीवर उभे आहे. ठेव पोहोचलेलीच नाही. दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाच्या आरंभीच पडला आहे. तो दोघी सख्यांना ठाऊक आहे, प्रेक्षकाला ठाऊक आहे, कण्वाला नाही, शकुंतलेलाही नाही. त्या अंकात प्रेक्षक कण्वासोबत रडतो असे आपण शिकवतो. पण तो कण्वासोबत रडूच शकत नाही, कारण कण्वाला सुरक्षित वाटते आहे आणि प्रेक्षकाला धोका दिसतो आहे. अश्रू सुरक्षिततेमुळे येत नाहीत, सुरक्षिततेच्या समजुतीमुळे येतात, आणि समजूत खोटी असू शकते. चौथ्या अंकातील करुण म्हणतात तो निरोपाचा नाही. तो या अंतराचा आहे. पाचव्या अंकात राजा तिला ओळखत नाही, आणि ठेव स्वीकारणाराच नाकारतो.

म्हणून शकुंतलेचे आनंदाश्रू शोधायचे तर ते सातव्या अंकात. दुष्यंत तिच्यापुढे उभा राहतो. ती जयजयकार करू लागते, आणि शब्द अर्ध्यावर अश्रूंनी अडतो. इथेही आधी स्वर गेला. तो म्हणतो, तुझा शब्द अडला तरी मी जिंकलो आहे. मग तो हात पुढे करून तिचा अश्रू पुसू लागतो, आणि पुसताना जे बोलतो त्यात आमचे सारे म्हणणे एका थेंबात आहे. पूर्वी मोहामुळे तुझ्या ओठावर ओघळणाऱ्या ज्या थेंबाची मी उपेक्षा केली, तोच आज पापणीला लागला आहे. तो पुसून मी पश्चात्तापातून मोकळा होतो. राजाच्या दृष्टीने हा नवा अश्रू नाहीच. पाचव्या अंकातला थेंब, मधली सगळी वर्षे वाट पाहून, सातव्या अंकात त्याच्या हाताला लागतो. याला अलंकार म्हणून पुढे जाणे हे आमच्या अध्यापनातले मोठे दुर्दैव आहे.

एक बारकावा शेवटी नोंदवावासा वाटतो. त्या पुनर्भेटीच्या ठिकाणी, मारीचाच्या आश्रमात, मेनका आहे, कण्व नाही. अदिती सुचवते, की मुलीचे मनोरथ पूर्ण झाल्याचे कण्वाला कळवावे. मारीच म्हणतो, तपाच्या प्रभावाने त्याला सारे प्रत्यक्षच आहे. तरीही तो गालव नावाच्या शिष्याला आकाशमार्गाने कण्वाकडे धाडतो, शाप सरला आणि दुष्यंताने शकुंतलेचा पुत्रासह स्वीकार केला, हे सांगायला. गालव निघतो, आणि नाटक भरतवाक्याकडे वळते. तो निरोप ऐकताना कण्वाचा कंठ पुन्हा दाटला की नाही, हे कालिदासाने लिहिलेले नाही.